काकीला वेड लागलं नव्हतं

देवगड
१४ जून

प्रिय शैला,

परवाचा तुझा फोन मी घाईने ठेवला, राग मानू नकोस. काकी शेजारीच भाजी निवडत बसली होती आणि तू जे विचारत होतीस ते तिच्यासमोर बोलवेना. "काकीला वेड लागलं म्हणे, खरं का गं?" पुण्यात तुझ्या कानापर्यंत हे पोचलं, तर वाडीत काय काय बोललं गेलं असेल ते मी समजू शकते. तू रविवारी येणारच आहेस. तिच्यासमोर बसण्याआधी तुला सगळं खरं ठाऊक असावं म्हणून लिहितेय. पाऊस लागलाय, दुपारी लाईटही नसते, निवांत लिहिता येतं.

वेड नव्हतं, शैला. म्हातारपणाचा विसरभोळेपणाही नव्हता. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग होता आणि त्याने आलेली बेभानी. डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं तापात कोणी बरळायला लागलं की 'वात झाला' म्हणत, ते याच्या अगदी जवळचं.

हे झालं मे महिन्याच्या मध्यात. हापूसचा शेवटचा तोडा चालू होता. घरात पेट्या, पेंढा, खळ्यात गडीमाणसं, वहिनीला मान वर करायला सवड नाही. मंगळवारी मी सहज गेले तर काकी ओटीवर आडवी होती. सकाळची पेज अर्धी टाकलेली. हाक मारली तर डोळे उघडून "बरी आसंय" म्हणाली आणि परत मिटले. मला वाटलं, उकाडा आहे, वय एकोणऐंशी आहे, दमली असेल. घरी निघून आले. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईने हे असं सोडून द्यायला नको होतं, याची मला अजून टोचणी आहे. कारण डिलिरियमची सुरुवात नेहमी आरडाओरड्याने होत नाही. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत ती अशीच गप्प येते. माणूस निजून राहतं, जेवण टाकतं, बोललं तर एका शब्दात उत्तर देतं. आरडाओरडा करणाऱ्याला घरचे लगेच दवाखान्यात नेतात, गप्प पडलेल्याला "झोपू दे तिला" म्हणून सोडतात, आणि म्हणून हा गप्प प्रकार जास्त घातक ठरतो.

बुधवारी दिवेलागणीला वहिनीचा फोन आला. पलीकडून रडणंच ऐकू आलं. मी धावत गेले. काकी माजघरात भिंतीला टेकून बसली होती, केस सुटलेले. मला बघून म्हणाली, "माका घराक जावचा हा." पंचावन्न-छप्पन वर्षं ज्या घरात काढली त्याच घरात बसून. मग वर आढ्याकडे बोट दाखवलं, "ती पोरां बघ वर बसली हत, पडतली." वहिनीने पाणी पुढे केलं तर पेला भिरकावला, हिने पाण्यात काहीतरी घातलंय म्हणून. वहिनी बावीस वर्षं तिचं सगळं मनापासून करतेय. तिचा चेहरा बघवत नव्हता.

पण माझं लक्ष काकीच्या हातांकडे गेलं. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा हवेतून काहीतरी अलगद उचलत होते, डाव्या हाताशी नेऊन गुंफल्यासारखं करत होते, पुन्हा उचलत होते. काकीचे अबोलीचे वळेसार तुला आठवत असतील, शाळेत आपण दोघी माळून जायचो. ती फुलं ओवत होती, शैला, नसलेली फुलं. हवेत किंवा पांघरुणावर असं चिमटीने वेचत राहणं मी वॉर्डात कितीदा पाहिलंय. ते दिसलं की हे प्रकरण मनाचं नाही, शरीराचं आहे, असं मी धरून चालते.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि वॉर्डात आम्ही करायचो तीच छोटी परीक्षा केली. फोर-ए-टी म्हणतात तिला, दोन मिनिटांचं काम आहे. माणूस पुरतं जागं आहे का बघायचं. वय, जन्मतारीख, आता आपण कुठे आहोत आणि साल कोणतं हे विचारायचं. महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे. आणि हा बदल अचानक झालाय का, कमीजास्त होतोय का, हे घरच्यांना विचारायचं. काकीला जन्मतारीख कधीच ठाऊक नव्हती, तिच्या पिढीत किती जणींना असते? म्हणून तो प्रश्न मी धरलाच नाही. महिने मात्र तिचे पाठ. एकादश्या, संकष्ट्या, कुठल्या महिन्यात किती, सगळं तोंडावर. मी म्हटलं, "काकी, फाल्गुनापासून उलटं म्हण बघू." ती म्हणाली, "फाल्गुन... माघ..." आणि थांबली. डोळे आढ्याकडे गेले. "शिमग्याक पोरां येतली मां?" मी पुन्हा सुरुवात करून दिली. पुन्हा माघापाशी धागा सुटला.

सात महिने तरी बिनचूक उलटे सांगता आले तर लक्ष ठिकाणावर आहे असं धरतात. काकी दोनावर अडकली. पण नीट बघ, ती महिने विसरली नव्हती. तिचं लक्ष टिकत नव्हतं. स्मृतिभ्रंशात माणूस हळूहळू, महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी विसरत जातं, पण सुरुवातीच्या काळात तुमच्या समोर बसून तुमचं बोलणं नीट ऐकतं. डिलिरियममध्ये कालपरवापर्यंत धडधाकट असलेल्या माणसाचं लक्षच पाण्यासारखं निसटतं. रविवारी जिने पेट्यांचा हिशोब तोंडी सांगितला ती बुधवारी तीन महिने सांगू शकत नाही, असं म्हातारपणाने तीन दिवसांत होत नाही.

तेवढ्यात तात्या आले. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले, बाहेरचं काहीतरी दिसतंय, उद्या देवळात गाऱ्हाणं घालूया, कौल लावूया. तात्यांना वाईट बोलायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, भावजयीबद्दल माया होती. मी म्हटलं, "तात्या, गाऱ्हाणं उद्या सकाळी घाला, पण हिला आज रात्रीच दवाखान्यात न्यायची." त्यांनी लगेच मान हलवली. आधी त्यांना गाडी काढायला सांगितलं आणि मग तापमान, नाडी बघत बसले.

ताप ९९.६ होता. दादा म्हणाला, "ताप तर नाहीच." पण काकीचं अंग एरवी ९७ च्या आसपास असतं, म्हणजे तिच्यासाठी तो तापच. या वयात जंतुसंसर्ग झाला तरी अंग तापेलच असं नाही. नाडी ११०, आणि जिचा रक्तदाब औषध घेऊन १४० असतो तिचा वरचा आकडा १०४. हे बघून मला धडकी भरली. साखर बघितली, ठीक होती. ती आधी बघायचीच, कारण साखर उतरली तरी माणूस असंच बरळतं आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही हात सारखे उचलत होती, जीभ अडखळत नव्हती, म्हणजे पक्षाघाताची लक्षणं नव्हती. कुठे पडली होती का, डोक्याला मार लागला होता का, तेही विचारलं. नाही म्हणाले.

मग वहिनीला विचारलं, लघवीचं काय? ती डोळे पुसत म्हणाली, "चार दिवस सारखी जात होती. उन्हाळी लागली म्हणाली. मी धण्याजिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला."

उन्हाळी लागली. शैला, या दोन शब्दांत सगळं होतं आणि आपण सगळे ते ऐकून सोडून देतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडून लघवीला जळजळ होते ती धण्याच्या पाण्याने थांबतेही. पण म्हातारीला चार दिवस जळजळ, घडीघडी जाणं, आणि त्यात ती मलूल झाली, तर ती उन्हाळी म्हणून सोडायची नाही, लघवी तपासायची.

खोदून विचारलं तसं आणखी बाहेर आलं. घरातलं न्हाणीघर आणि संडास मागल्या दारी खळं ओलांडून, पडायची भीती, म्हणून काकी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नव्हती. चार दिवस पोट साफ नव्हतं. आणि आठवडाभर सर्दीची गोळी घेत होती, मेडिकलमधून आणलेली, दिवसाला दोन-तीन. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. तरुण माणसाला त्याने नुसती झोप येते. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू त्याने गढुळतो, शिवाय पोट बांधलं जातं आणि लघवी पुरती सुटत नाही. म्हणजे संसर्गाला आयतं निमित्त आणि बेभानीलाही.

दवाखान्यातलं थोडक्यात सांगते. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवीचा नमुना आधी घेतला, मग अँटिबायोटिक सुरू केलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण औषध आधी गेलं तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. नमुनाही धुऊन, पहिली धार सोडून, मधली धरायची. मी आणि वहिनीने दोघींनी धरून दुसऱ्या खेपेला जमवला. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि सोडियम १२६ (ते १३५ च्या वर हवं). रक्तदाबाच्या तिच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानेही सोडियम उतरतं, म्हणून ती गोळी थांबवली. सलाईन हळू ठेवलं. सोडियम घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते. मूत्राशय तुंबलेलं नव्हतं, त्यामुळे नळी घातली नाही, ते फार बरं झालं. नळीने नवा संसर्ग येतो, आणि बेभान माणूस ती ओढून काढायला बघतं.

गुरुवारी सकाळी काकी उठून बसली आणि चहा मागितला. मला नावाने हाक मारली, वहिनीला "जेवलंस काय?" विचारलं. दादा आनंदाने म्हणाला, "बरी झाली, घरी नेऊया." मी त्या सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि जे सांगितलं तेच तुला सांगते.

डिलिरियमची खूण हीच की ते भरतीओहोटीसारखं येतं जातं. सकाळी उजेडात माणूस निम्मं ठिकाणावर असतं, तिन्हीसांजेला पुन्हा सुटतं. म्हणून सकाळी बरं दिसलं की आजार संपला असं नसतं, आणि रात्री बिघडलं की औषध लागू पडत नाही असंही नसतं. दोन-तीन दिवसांच्या सकाळी एकमेकींशी ताडून बघायच्या.

दादाने विचारलं, "पण जंतू मूत्राशयात, आणि डोकं का फिरलं? जंतू डोक्यात गेले काय?" नाही, जंतू डोक्यात जात नाहीत. शरीर त्यांच्याशी लढताना जी रसायनं रक्तात सोडतं ती मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथलं काम बिघडवतात. तरुण मेंदूला ते सोसतं. मी त्याला म्हटलं, "आपल्या विहिरीवरचा पंप सुरू केला की माजघरातला बल्ब मंद होतो ना? नव्या वायरिंगच्या घरात होत नाही, आपल्या जुन्या घरात होतो. बल्ब गेलेला नसतो, त्याला वीज कमी पडते. आईच्या बाबतीत एकाच वेळी चार पंप लागले. संसर्ग, पाणी कमी, सोडियम, आणि ती सर्दीची गोळी." तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे पंप बंद केले की बल्ब लागतो." लागतो, पण लगेच नाही, हे मला सांगावं लागलं. संसर्ग उतरला तरी डोकं निवळायला दिवस लागतात, काहींना आठवडे लागतात, आणि आधीच स्मृती कमजोर असली तर काही वेळा माणूस पुरतं पूर्वीसारखं होत नाही. खोटी आशा मी दिली नाही.

वहिनीला वेगळं सांगितलं, एकटीला. "ती तुझ्यावर विषाचा आळ घेत होती ते तिच्या मनात दडलेलं नव्हतं गं. तिला भीती वाटत होती आणि समोर तू होतीस. जो सगळ्यात जवळ असतो त्याच्यावरच हे येतं." वहिनी बराच वेळ माझा हात धरून बसली.

रात्री काकी पुन्हा उठून निघाली. ड्यूटीवरच्या मुलाने विचारलं, झोपेचं इंजेक्शन देऊ का, की हात बांधू? रागाने नाही, त्याच्याकडे तीस खाटा होत्या. मी म्हटलं, आम्ही बसतो. बांधल्याने भीती वाढते, आणि झोपेच्या औषधांनी हीच बेभानी लांबते; स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागली आणि कशानेच थांबेना तरच ते डॉक्टरांनी ठरवायचं. मग लक्षात आलं, घाईत तिचा चष्मा घरी राहिलाय. भाचा रात्री मोटरसायकलने जाऊन घेऊन आला. चष्मा घातल्यावर पडद्यावरची पोरं गेली, ती पंख्याच्या वाऱ्याने हलणारी सावली होती. आढ्यावरची आणखी दोन दिवस होती.

ती "घराक जावचा हा" म्हणायची तेव्हा सुरुवातीला दादा वाद घालायचा, "अगे आये, आपण दवाखान्यात आहोत, तुका कळत कसा नाय?" ती आणखी चिडायची. हो ला हो करूनही भागत नाही, कारण मग ती चप्पल शोधायला लागते. मी म्हणायचे, "काकी, मी आहे, दादा आहे. दवाखान्यात आहोत, लघवीला जळजळ होती त्याचं औषध चालू आहे. तुझ्या माहेरच्या पडवीत कोण कोण बसायचं गं?" मग ती सांगत बसायची आणि निजायची. दिवसा खिडकी उघडी, चालणं, पेज, पोट साफ. रात्री दिवा मंद आणि बडबड बंद. एवढंच, पण रोज आणि न चुकता.

तिसऱ्या दिवशी कल्चर आलं, ई-कोलाय निघाला, आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध बदललं. ताप त्याच दिवशी उतरला. संध्याकाळची बेभानी मात्र नवव्या दिवसापर्यंत होती, दर दिवशी थोडी कमी.

आता एक गोष्ट, जी मला दादाला अगदी कडक शब्दांत सांगावी लागली. गेल्या आठवड्यात काकी एक दिवस जरा सुस्त होती, तर त्याने उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काढल्या. मी त्या हातातून घेतल्या. या वयाच्या पुष्कळ बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. तपासणीत ते दिसतात, पण ते आजार करत नसतात आणि त्यांना औषध द्यायचं नसतं. म्हणून नुसती बेभानी आणि नुसता लघवीचा रिपोर्ट, एवढ्यावर संसर्गाचं नाव घेतलं की खरं कारण बाजूला राहतं. नवी गोळी, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, सोडियम, छातीतला न्यूमोनिया, पडून डोक्यात झालेला रक्तस्राव, यांतलं काहीही असू शकतं. काकीला जळजळ होती, ताप होता, पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या, म्हणून तिच्या बाबतीत तो निष्कर्ष बरोबर होता. त्या दिवशीच्या सुस्तीचं कारण निघालं ते दोन रात्रींची झोपमोड, पावसाने कौलं गळत होती म्हणून. त्या दिवशी ताप नव्हता, जळजळ नव्हती, आणि महिने तिने फाल्गुनापासून चैत्रापर्यंत बाराही उलटे म्हणून दाखवले.

एकदा हे झालेल्या माणसाला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वहिनीने संध्याकाळच्या पाण्याचा तांब्या आता स्वतःच्या नजरेसमोर ठेवलाय आणि माजघराला लागून आतच संडास बांधायचं दादाने मनावर घेतलंय. स्मृतीची तपासणी आत्ता करायची नाही, दोन-तीन महिन्यांनी डोकं पुरतं निवळल्यावर करू, असं डॉक्टर म्हणालेत.

तू येशील तेव्हा सकाळी ये, दहाच्या सुमारास. दारातच "मी शैला, पुण्याहून आलेय" असं म्हण. "मला ओळखलंस का?" असं विचारू नकोस, गावातल्या प्रत्येकाने ते विचारून तिला रडकुंडीला आणलंय. त्या दिवसांतलं तिला तुटक तुटक आठवतं आणि फार लाज वाटते, विशेषतः वहिनीला बोलली त्याची. तो विषय तिने काढला तर ऐक, आपण काढू नकोस. आणि येताना चष्म्याला बांधायची ती गळ्यातली दोरी मिळते ना, ती घेऊन ये. इथे मिळाली नाही, आणि काकी चष्मा कुठेही काढून ठेवते.

तुझी,
सुमन